पाळीपूर्वीचा त्रास : आधी वहीत नोंद, मगच निदान

"डॉक्टर, पाळी जवळ आली की मला काही सुधरतच नाही. मी म्हणजे मी राहतच नाही." दवाखान्यात हे वाक्य मी वेगवेगळ्या घरांतल्या स्त्रियांच्या तोंडून ऐकत आलो आहे. त्यावर घरून मिळणारे उत्तर ठरलेले असते : "बायकांना हे चालायचंच." आणि काही दवाखान्यांतून मिळणारे उत्तरही ठरलेले असते : झोपेची गोळी. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. कारण एका नावाखाली आपण दोन वेगळे त्रास एकत्र बांधतो.

पहिला त्रास म्हणजे पी.एम.एस., पाळीपूर्व लक्षणसमूह. पाळीच्या आधी काही दिवस पोट फुगल्यासारखे वाटणे, स्तन दुखणे, थकवा, थोडी चिडचिड, गोड किंवा खारट खावेसे वाटणे. त्रास होतो, पण बाई आपले घर, शेत, नोकरी सांभाळते. दुसरा त्रास म्हणजे पी.एम.डी.डी. याला मराठीत रुळलेला शब्द नाही. पाळीपूर्वीचा तीव्र मनोविकार म्हणता येईल. येथे शरीरापेक्षा मनाची लक्षणे पुढे असतात, आणि ती इतकी तीव्र असतात की काम अडते, नाती तुटायला येतात, क्वचित जीव द्यावासा वाटतो. शंभर स्त्रियांत साधारण दोन ते पाच जणींना हा विकार असतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान दिले.

त्या पुस्तिकेतील निकष सोप्या भाषेत असे आहेत. एकूण अकरा लक्षणांपैकी किमान पाच हवीत, आणि त्यांपैकी एक तरी या चारांतले हवे : क्षणात हसू क्षणात रडू येणे, अनावर राग व भांडणे, खोल उदासी, किंवा सतत ताण व धास्ती. उरलेल्यांत लक्ष न लागणे, झोप बिघडणे, खाण्यावर ताबा न राहणे, कशातच रस न वाटणे, सगळे हाताबाहेर गेल्याची भावना वगैरे येतात. पण माझ्या दृष्टीने खरा निकष लक्षणांच्या मोजणीत नाही, वेळेत आहे. लक्षणे पाळीच्या आधीच्या आठवड्यात असली पाहिजेत, पाळी सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत ओसरू लागली पाहिजेत, आणि पाळीनंतरच्या आठवड्यात ती जवळजवळ नाहीशी झाली पाहिजेत. तो एक स्वच्छ आठवडा नसेल, तर हे निदान लावता येत नाही.

ही वेळ कशी ओळखायची? आठवणीवर विसंबून नाही. मन वाईट असेल आणि पाळी आठवड्याभरावर असेल तर आपण दोष पाळीला देतो. तेच पाळीनंतर झाले तर ते विसरून जातो. म्हणून निदानासाठी किमान दोन पाळीचक्रे रोजची नोंद ठेवावी लागते. यासाठी रक्ताची कोणतीही तपासणी नाही. संप्रेरकांच्या तपासण्यांवर पैसे खर्च करून येणाऱ्या स्त्रियांचे अहवाल बहुधा ठाकठीक असतात, आणि मग घरचे म्हणतात, "बघ, काही नाही तुला." संप्रेरके प्रमाणात असूनही हा त्रास होतो. अमेरिकेतील संशोधकांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीपूर्वी तीव्र त्रास होणाऱ्या स्त्रियांची अंडाशये औषधाने तात्पुरती शांत केली, तेव्हा अनेकींचा त्रास थांबला. मग त्यांना नेहमीच्याच प्रमाणात इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन देताच तो परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना तीच संप्रेरके देऊनही काही झाले नाही. म्हणजे दोष संप्रेरकांच्या प्रमाणात नाही. त्यांच्या चढउताराला काहींचा मेंदू वेगळी प्रतिक्रिया देतो. तो स्वभावाचा दोष नाही आणि नाटकही नाही.

नोंदीची पद्धत साधी आहे. शाळेची एक वही घ्यावी. पाळीचा पहिला दिवस म्हणजे दिवस १. रोज रात्री झोपण्यापूर्वी राग, उदासी, धास्ती आणि मनाची चंचलता या चारांपुढे १ ते ६ असा आकडा लिहावा : १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे अतोनात. शेवटी एक ओळ : आज त्यामुळे काय अडले? दुसऱ्या दिवशी आठवून लिहू नये.

एका शिक्षिकेची वही मला इथे सांगावीशी वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय एकतीस, दोन मुले, पाळी अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांनी. पाचव्यापासून अठराव्या दिवसापर्यंत तिचे सगळे आकडे १ किंवा २ होते. विसाव्या दिवशी राग ३, बाविसाव्याला ४, आणि पंचविसाव्यापासून पाळी येईपर्यंत राग ६, उदासी ५. "आज काय अडले" या ओळीत तिने लिहिले होते : वर्गातून मध्येच बाहेर आले, सासूबाईंशी भांडले, धाकट्याला मारले. सत्ताविसाव्या दिवशी एकच वाक्य : "जगून काय करायचं?" पाळीच्या तिसऱ्या दिवशी सगळे आकडे पुन्हा २. दुसऱ्या महिन्याचे पानही जवळजवळ तसेच. हिमोग्लोबिन व थायरॉईड ठीक होते. हे पी.एम.डी.डी.चे चित्र.

तिच्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या बाईंची तक्रार शब्दश: तीच होती. पण वहीत पाळीनंतरच्या आठवड्यातही उदासी ४ होती आणि पाळीपूर्वी ती ६ होत होती. स्वच्छ आठवडाच नव्हता. हे मूळचे नैराश्य, जे पाळीपूर्वी वाढते. त्याला महिनाभराचे नियमित उपचार लागतात. वही नसती तर दोघींना एकच औषध मिळाले असते.

आता उपचार. सौम्य पी.एम.एस.ला नियमित चालणे, पुरेशी झोप, आणि आहार व गोळ्या मिळून दिवसाला १२०० मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम यांचा काहींना चांगला उपयोग होतो. पी.एम.डी.डी.ला मात्र एवढे पुरत नाही, आणि तिथे महिनोन्‌महिने कॅल्शियमवर ठेवणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

पी.एम.डी.डी.वर पहिल्या पसंतीचे औषध म्हणजे सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी एस.एस.आर.आय. गटातली औषधे. "ही तर नैराश्याची, म्हणजे वेड्यांची गोळी!" असे म्हणून अनेक जणी ती चिठ्ठी पर्समध्येच ठेवतात. पण इथे ती वेगळ्या तऱ्हेने काम करते. नैराश्यात गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, पी.एम.डी.डी.त तो काही दिवसांतच दिसतो. म्हणून ती महिनाभर रोज न घेता फक्त पाळीपूर्वीचे सुमारे चौदा दिवस घेतली तरी चालते. अशा थोड्या दिवसांच्या वापरात थांबवताना सहसा त्रास होत नाही. पाळी अनियमित असल्याने दिवस मोजता येत नसतील तर ती रोज घ्यावी लागते, आणि मग मनाने अचानक बंद करू नये.

या शिक्षिकेला मी सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम, पंधराव्या दिवसापासून पाळी सुरू होईपर्यंत, सकाळी नाश्त्यानंतर असे दिले. पहिले तीन दिवस तिला मळमळले, नंतर थांबले. त्या महिन्यात रागाचा सर्वांत मोठा आकडा ३ होता. वही तिने चालूच ठेवली, कारण गुण आला की नाही हेही वहीच सांगते. डोकेदुखी, झोपेत बदल, कामेच्छा कमी होणे हे त्रास होऊ शकतात. कधी काळी अति उत्साहाचे, झोप न लागता धावपळ करण्याचे झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. अशा रुग्णाला ही गोळी उलट भडकवू शकते. पंचविशीच्या आतील मुलींवर सुरुवातीला घरच्यांनी लक्ष ठेवावे. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर तेही सांगावे.

दुसरा पर्याय म्हणजे ड्रोस्पिरेनोन असलेली गर्भनिरोधक गोळी, चोवीस दिवस गोळी व चार दिवस खंड अशा पद्धतीची. ज्यांना पाळणा लांबवायचा आहे त्यांना ती सोयीची. उच्च रक्तदाब, पूर्वी पायात रक्ताची गुठळी होणे, डोळ्यांपुढे तारे चमकून येणारी अर्धशिशी, धूम्रपान यांपैकी काही असल्यास ती घेऊ नये. जिथे समुपदेशक आहे तिथे विचारांवर व वागण्यावर काम करणारी मानसोपचार पद्धतीही उपयोगी पडते.

दोन गोष्टींना माझा स्पष्ट विरोध आहे. एक, महिनोन्‌महिने चालणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या. त्यांची सवय लागते आणि मूळ त्रास तिथेच राहतो. दुसरी, "पाळीच बंद करून टाकू" म्हणून गर्भपिशवी काढणे. आपल्या राज्याला ही घाई नवीन नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ साली बरीच चर्चा झाली. पण हा चढउतार गर्भपिशवीतून होत नाही, अंडाशयातून होतो. पिशवी काढली आणि अंडाशये राहिली, तर रक्तस्राव थांबतो, पण महिन्याचा राग येतच राहतो, आणि आता तो कधी येणार हे सांगणारी पाळीही नसते. अंडाशये काढणे हा अगदी शेवटचा उपाय. त्याआधी इंजेक्शनाने ती तात्पुरती शांत करून गुण येतो का हे पाहिले जाते, आणि नंतर हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून संप्रेरके द्यावी लागतात.

घरातल्या पुरुषांना एक सांगणे आहे. भांडणाच्या वेळी "पाळी आली वाटतं" असे टोमणे मारू नका. ती शांत असताना विचारा, आणि वही घेऊन तिच्यासोबत डॉक्टरांकडे या. जीव द्यावासा वाटतो असे ती म्हणाली, तर मात्र दोन महिन्यांच्या नोंदीची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यायचे आणि एकटे ठेवायचे नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे दिवसरात्र बोलता येते. बाकी सगळ्या जणींनी पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून वही सुरू करावी, आणि ती वही पुढ्यात ठेवूनच डॉक्टरांशी बोलावे.