नंबर काढला, तरी उपयोगी पडेल का?

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या एका मित्राचा खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपला. छत्तीस हजार डिपॉझिट घरमालक परत देईना. त्याच सुमारास त्याने मोबाइलवर एका वकिलाची पोस्ट पाहिली. 'घरमालक भाडेकरूला बाहेर काढू शकत नाही! तुमचे हक्क ओळखा, आजच मेसेज करा.' मित्राला धीर आला. डिपॉझिटमधून भाडं वळतं होईल, असं म्हणून तो आणखी दोन महिने तिथेच राहिला. मग नोटीस आली. भाडं महिना बारा हजार, मुदत संपल्यानंतरचा दर दुप्पट, म्हणजे दोन महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार. शेवटी डिपॉझिटवर पाणी सोडून त्याने खोली रिकामी केली.

त्या पोस्टमध्ये नेमकं काय चुकलं, हे मला कळलं ते एका ओळखीच्या वकील ताईंमुळे. त्यांना भाड्याच्या घरांविषयी जनजागृतीची पोस्ट टाकायची होती आणि तिच्या खालचा मजकूर, म्हणजे कॅप्शन, सोप्या मराठीत हवी होती. मी उत्साहाने लिहून दिली: 'डिपॉझिट अडकलंय? घाबरू नका! शंभरहून जास्त भाडेकरूंना न्याय मिळवून देणाऱ्या तज्ज्ञ वकील. पहिला सल्ला मोफत. आजच मेसेज करा.'

ताईंनी पेन घेतलं आणि जवळजवळ सगळं खोडलं. म्हणाल्या, "अगं, हे छापलंस तर माझी सनद धोक्यात येईल."

वकिलांच्या वर्तनाचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने केले आहेत. त्यातला नियम ३६ सांगतो, की वकिलाने थेट किंवा आडून काम मागायचं नाही आणि जाहिरात करायची नाही. पत्रकं, दलाल, वैयक्तिक निरोप, सगळं त्यात आलं. ऑफिसची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी, आणि अमुक प्रकारच्या कामात आपण तज्ज्ञ आहोत असं तिच्यावर लिहायचं नाही. २००८ मध्ये थोडी ढील मिळाली. स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, संपर्क, नोंदणीचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढी माहिती वकील देऊ शकतात. पण त्या सवलतीत सोशल मीडियाचा उल्लेख नाही. नियम मोडल्याचं शिस्तपालन समितीपुढे सिद्ध झालं, तर ताकीद मिळू शकते, सनद काही काळासाठी निलंबित होऊ शकते किंवा वकिलांच्या यादीतून नावच जाऊ शकतं.

आता माझ्या कॅप्शनकडे बघा. 'तज्ज्ञ' हा शब्द नियमात बसत नाही. 'शंभर भाडेकरूंना न्याय' ही स्वतःच्या यशाची जाहिरात झाली. 'पहिला सल्ला मोफत' हे गिऱ्हाईक ओढणं. 'मेसेज करा' म्हणजे सरळ काम मागणं. राहिला 'घाबरू नका!' त्यात नियमभंग नसेल, पण माहितीही नाही. पाचही वाक्यांमधून वाचणाऱ्याला कायद्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

ताईंनी मग दुसरी चूक दाखवली, आणि माझ्या मते ती जास्त गंभीर होती. 'भाडेकरू' हा शब्द. बोलताना आपण सगळेच भाडेकरू असतो, पण विद्यार्थी ज्या कागदावर सही करतात तो बहुतेक वेळा 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार असतो. कायद्याच्या भाषेत त्यात राहणारा भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. जुन्या भाडेकरूला मिळणारं संरक्षण त्याला तसंच्या तसं मिळत नाही. मुदत संपली की त्याला जागा सोडावी लागते. माझ्या मित्राने वाचलेलं वाक्य दुसऱ्याच कुणाच्या तरी हक्काचं होतं.

डिपॉझिटचंही तसंच. 'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही' असं अनेक पोस्ट ठासून सांगतात. ही मर्यादा २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्याकडे चालतो तो १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. त्यामुळे डिपॉझिट किती, कधी परत आणि त्यातून काय कापायचं, हे करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं.

दोन दिवसांनी जी कॅप्शन तयार झाली ती अशी:

'खोली भाड्याने घेताय? करार "लीव्ह अँड लायसन्स"चा आहे का, ते आधी पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. डिपॉझिट परत मिळण्याची तारीख करारात लिहून घ्या. ही सर्वसाधारण माहिती फक्त महाराष्ट्रापुरती आहे, तुमच्या प्रकरणावरचा सल्ला नाही. मदत हवी असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००.'

शेवटची ओळ ताईंनी स्वतः घातली. त्यांचा नंबर कुठेच नाही. प्राधिकरणाकडे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळू शकतो. म्हणजे हॉस्टेल सोडून खोली घेतलेल्या कितीतरी मुली उत्पन्नाची अट न लागता यात बसतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कोचिंग क्लासपासून दवाखान्यापर्यंत सगळे जाहिरात करतात, मग नवीन वकिलाने लोकांपर्यंत पोचायचं कसं? मोठ्या नावांकडे पक्षकार आपोआप जातात, पहिल्या पिढीतल्या वकिलाकडे कोण येणार? हा नियम त्यांना जड जातो, हे खरं आहे. बार कौन्सिलने सोशल मीडियावर काय चालेल आणि काय नाही, याचे सोपे नमुने उदाहरणांसह द्यायला हवेत, असं मलाही वाटतं. पण त्यावरचा उपाय 'मेसेज करा' हा नाही. घाबरलेला माणूस सल्ला पारखून घेऊ शकत नाही, आणि त्याला आणखी घाबरवून गिऱ्हाईक करणं सोपं असतं. नियम ३६ त्याच्याही बाजूने उभा आहे.

म्हणून पुढच्या वेळी अशी पोस्ट समोर आली, की एक करून बघा. वकिलाचं नाव, फोटो आणि नंबर मनातल्या मनात झाका. खाली कलमाचा आकडा, कोणत्या राज्याला लागू, कोणत्या कराराला लागू, एवढं उरतं का? उरत असेल तर पोस्ट जपून ठेवा. काहीच उरत नसेल, तर ती जाहिरात होती. तिच्या भरवशावर खोलीत एक दिवसही जास्त राहू नका. आधी कपाटातला करार काढा आणि मुदत संपण्याची तारीख बघा.