‘समजतो’ या शब्दाने नेमकं काय समजतं?

घटक नियोजनाची कोणतीही वही उघडा. ‘विद्यार्थ्यास अपूर्णांकाची संकल्पना समजते’ असं वाक्य हमखास सापडेल. वाक्यात चूक काही नाही. पण वर्गातल्या कुणाला ते समजलं आणि कुणाला नाही, हे या वाक्यावरून कसं ठरवणार? ‘समजणे’ मुलाच्या डोक्यात घडतं, आणि आपल्याला दिसतं ते फक्त मूल काय करतं ते. म्हणून अध्ययन निष्पत्तीत मुलाची दिसणारी कृती लिहावी, असं माझं ठाम मत आहे.

मात्र नुसतं क्रियापद बदलूनही भागत नाही. पाचवीतली अपूर्णांकांची तुलना घेऊ. ‘समजतो’ खोडून आपण लिहिलं, ‘दोन अपूर्णांकांतील मोठा अपूर्णांक ओळखतो.’ हे आता मोजता येतं. मग प्रश्न दिला, ३/८ आणि ५/८ यांतला मोठा कोणता? वर्गातल्या बहुतेकांनी ५/८ लिहिलं. निष्पत्ती साध्य झाली का? नाही. ‘आकडा मोठा तो अपूर्णांक मोठा’ असा चुकीचा समज असलेलं मूलही इथे बरोबरच उत्तर देतं. त्याच मुलाला ३/५ आणि ३/८ द्या. ते ३/८ मोठा म्हणेल, कारण ८ हा ५ पेक्षा मोठा.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ असा नियम पाठ करून घेतात. मग २/३ आणि ३/४ विचारा. नियमावर विसंबलेलं मूल ३/४ ला लहान म्हणेल. अंश सारखे असतील तेव्हाच हा नियम चालतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणजे निष्पत्तीत कृतीबरोबर आणखी दोन गोष्टी हव्यात. ती कृती कोणत्या परिस्थितीत करायची आणि कितपत जमली म्हणजे पुरे. अमेरिकेतील रॉबर्ट मेगर यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात हेच तीन भाग सांगितले होते. आता आपली निष्पत्ती अशी होईल: ‘समान छेद, समान अंश आणि भिन्न अंश-छेद अशा तीनही प्रकारच्या जोड्या दिल्यावर विद्यार्थी मोठा अपूर्णांक निवडतो आणि सारख्या लांबीच्या पट्ट्या काढून कारण दाखवतो; प्रत्येक प्रकारातल्या दोनपैकी दोन्ही जोड्या बरोबर.’

‘सारख्या लांबीच्या’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. मुलं एक पट्टी लांब आणि दुसरी आखूड काढतात, आणि चित्रच चुकीचं उत्तर दाखवतं. चौकटीच्या वहीत १२ चौकटींच्या दोन पट्ट्या काढायला सांगा. २/३ म्हणजे ८ चौकटी, ३/४ म्हणजे ९ चौकटी. कुणाचं कुठे अडलं, हे वहीवरून लगेच कळतं. छेद चुकला, पट्टी चुकली की नुसता अंदाज मारला, ते वेगवेगळं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी कोणाला काय शिकवायचं ते ठरवता येतं. पालकांनाही ‘गणितात कच्चा आहे’ असं मोघम सांगण्याऐवजी ‘समान अंशाच्या जोड्यांत अडतो’ असं सांगता येतं. ते घरी पोळीचे तुकडे करूनही बघू शकतात.

काही जण म्हणतील, ब्लूमच्या वर्गीकरणात तर ‘समजणे’ ही पातळी आहेच! खरं आहे. २००१ च्या सुधारित मांडणीत ती दुसरी पातळी आहे. पण तिथे ते एक शीर्षक आहे. त्याखाली अर्थ लावणे, उदाहरण देणे, वर्गीकरण करणे, सारांश सांगणे, अनुमान काढणे, तुलना करणे, स्पष्टीकरण देणे अशा सात क्रिया दिल्या आहेत. आपण शीर्षकावरच थांबतो, गडबड तिथे होते.

आणि ‘कवितेचा आस्वाद घेतो’ याचं काय? इथे थोडं सांभाळून घ्यावं लागतं. ‘आवडलेली किंवा न आवडलेली ओळ निवडतो आणि त्या ओळीतल्या शब्दांचा आधार देऊन कारण सांगतो’, एवढं आपण तपासू शकतो. पण हे केलं म्हणजे मुलाला कविता भावलीच, असं नव्हे. गोडी लागणं हे उद्दिष्ट म्हणून अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला जरूर लिहावं, निष्पत्तींच्या यादीत घालून त्याला गुण मात्र देऊ नयेत. गुण दिले की मुलं आवडल्याचं नाटक करायला शिकतात.

पुढचं टाचण लिहिताना एक करून पाहा. निष्पत्तीच्या शेजारीच तिचा प्रश्न लिहा, आणि न समजलेलं मूलही तो बरोबर सोडवू शकेल का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ आलं, तर प्रश्न बदला.