खोडरबराने भाव बदलत नाही

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या वहिनी घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात. एका रात्री नऊ वाजता त्यांनी यंदाच्या फराळाचं चित्र इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या तीन ग्रुपवर टाकलं. सकाळी सात वाजता सोसायटीतल्या काकूंचा फोन, "काय गं, यंदा चकली स्वस्त केलीस?" बघतो तर भाजणीची चकली किलोला ६४० ऐवजी ४६० छापलेली. आकड्यांची अदलाबदल! तोवर अकरा ऑर्डरी येऊन पडलेल्या, एकूण सतरा किलो.

पुतण्या म्हणाला, "आई, डिलीट कर आणि नवीन टाक. कोणाला कळतंय?"

मंडळी, हे "कोणाला कळतंय" मला अजिबात पटत नाही. अकरा जणांना तर कळलेलंच आहे ना! व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पंधरा मिनिटांच्या आत सुधारता येतो. नंतर सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण तिथे "मेसेज डिलीट केला" अशी पाटी उरते, आणि कोणी पुढे ढकललेली प्रत तर तशीच फिरत राहते. म्हणजे चूक पुसली जात नाही, चूक पुसायचा प्रयत्न मात्र दिसतो. ज्याच्याकडे ४६० चं चित्र आहे त्याला वाटणार, गिऱ्हाईक जमवायला आधी कमी भाव दाखवला.

तेव्हा मी वहिनींना म्हटलं, जुनं काही काढू नका, त्याच्यावरच लिहा. इन्स्टाग्रामवर टाकलेलं चित्र बदलता येत नाही, पण खालचा मजकूर बदलता येतो. त्यातल्या सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही. म्हणून दुरुस्ती अगदी पहिल्या ओळीत हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच जुन्या मेसेजला उत्तर म्हणून तीच दुरुस्ती टाकायची, म्हणजे चूक आणि दुरुस्ती एकत्र दिसतात. पैसे भरून पोस्ट पसरवत असाल तर ते सगळ्यात आधी थांबवायचं, नाहीतर तुमच्याच पैशाने तुमची चूक गावभर जाते.

वहिनींनी लिहिलं ते असं: "दुरुस्ती. काल रात्री ९ पासून या चित्रात चकली किलोला ४६० रुपये असं चुकून छापलं आहे. बरोबर भाव ६४० रुपये. आज सकाळी ७.३० पर्यंत ज्यांना आम्ही 'ऑर्डर नोंदवली' असं कळवलं, त्यांना ४६० रुपयेच लागतील. चूक आमची आहे."

यात चुकीचा आकडाही लिहिलाय, आणि तो मुद्दाम. नुसतं "सुधारित भाव ६४०" म्हटलं की भाव वाढवल्यासारखं वाटतं. "तांत्रिक कारणामुळे" हा शब्दप्रयोग तर मला बघवत नाही. टाईप करताना हात चुकला, यात तंत्र कसलं?

"भाऊजी, पण नुकसान?" वहिनींनी विचारलं. किलोमागे १८० रुपये, सतरा किलोंचे ३०६०. थोडे नव्हेत. पण "नोंदवली" हे त्यांनी स्वतः लिहिलं होतं. जाहिरात म्हणजे आमंत्रण, पण ऑर्डर स्वीकारली की तो शब्द झाला. त्यांनी अकराही जणांना फोन केले, गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी. दोघांनी आपणहून ६४० देऊ केले, वहिनींनी घेतले नाहीत. बरोबर केलं. एकाकडून जास्त घेतले की बाकीच्यांना दिलेला शब्द भीक वाटायला लागतो.

म्हणून प्रत्येक चूक भरूनच द्यायची असं मात्र नाही. ६४० चे ६४ झाले असते तर वाचणाऱ्यालाही कळतं की एक शून्य गळलंय. तिथे फोन करून सरळ सांगायचं, खरा भाव चालत असेल तर ठेवा, नाहीतर आलेले पैसे आजच्या आज पूर्ण परत. ४६० हा आकडा मात्र खरा वाटू शकतो, तिथे ती सबब चालत नाही.

तारखेची चूक तर याहून वाईट. फराळ शनिवारी, १८ ऑक्टोबरला न्यायचा असताना १७ छापलं असतं, तर माणूस रिक्षा करून दाराशी आला असता. भावातली चूक हिशेबात भरून निघते, फुकट गेलेली फेरी कशी भरणार? तिथे पोस्ट सुधारून भागत नाही, ऑर्डर दिलेल्या प्रत्येकाला फोनच करायचा. आणि तारखेसोबत वार लिहायचा, म्हणजे दोन्ही जुळले नाहीत तर कोणीतरी वेळेवर विचारतं.

असो. पुतण्या अजून म्हणतो, काकांनी आईचे तीन हजार घालवले. मी म्हणतो, बाबा रे, त्या काकूंनी पहाटे फोन केला तो भरवसा होता म्हणून. नसता तर गुपचूप चार किलो मागवून बसल्या असत्या!