ब्लॉक सर्वांत शेवटी करा

आपल्याकडे एखाद्या मुलीच्या नावाने बनावट प्रोफाइल निघालं की दोन गोष्टी हमखास होतात. घरचे म्हणतात, "ब्लॉक कर, तुझंही अकाउंट बंद कर आणि विषय संपव." दुसरीकडे ओळखीपाळखीची मुलं त्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट दहा ग्रुपांवर टाकून "सर्वांनी रिपोर्ट करा" म्हणून आवाहन करतात. दोघांनाही काळजीच वाटत असते. तरीही पोलिसात जायची वेळ येते तेव्हा हातात काहीच उरलेलं नसतं, ते या दोन सवयींमुळे.

कारण साधं आहे. तुम्ही ब्लॉक केलंत की ते प्रोफाइल तुम्हालाच दिसेनासं होतं. रिपोर्ट मान्य झाला तर ते सगळ्यांसाठीच नाहीसं होतं. समोरच्याला चाहूल लागली तर तो पाठवलेले मेसेज परत घेतो, नाव बदलतो. म्हणून आधी पुरावा, मग रिपोर्ट आणि शेवटी ब्लॉक हा क्रम मोडू नये. जिवाला धोका असेल किंवा पैशांसाठी धमकी येत असेल तर मात्र या कामात न अडकता आधी पोलिसांना कळवावं.

समजा, सोलापुरात बी.एड. करणाऱ्या एका मुलीच्या नावाने इन्स्टाग्रामवर अकाउंट निघालं. तिचे ईदचे फोटो, खाली घाणेरडा मजकूर आणि तिचा मोबाइल नंबर. तिला स्वतःला ते दिसतच नाही, कारण बनवणाऱ्याने तिला आधीच ब्लॉक केलंय. कळवलं ते मैत्रिणीने. आता पुरावा मैत्रिणीच्या फोनवरूनच घ्यायचा आणि तो तिनेच घ्यायचा. पुढे कोर्टात "हे माझ्या फोनवर मी पाहिलं" असं सांगणारी व्यक्ती लागते. चार जणांकडून फिरत आलेल्या चित्राबद्दल तसं कोणीच सांगू शकत नाही.

मैत्रिणीने काय घ्यायचं? प्रोफाइलचं पूर्ण पान, न कापता. नावाला स्पर्श केल्यावर उघडणारं या अकाउंटविषयीचं पान, जिथे ते कधी सुरू झालं ते दिसतं. प्रत्येक पोस्ट वेगळी उघडून तिचा स्क्रीनशॉट. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लिंक. अॅपमध्ये पत्ता दिसत नाही, म्हणून शेअरच्या बटणातून लिंक कॉपी करून तारीख-वेळेसह लिहून ठेवायची. शक्य असेल तर हेच कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर करावं. तिथे पत्ता, मजकूर आणि घड्याळ एकाच चित्रात येतात.

लिंकचा एवढा आग्रह का? प्रोफाइलचं नाव बदलायला अर्धं मिनिटही लागत नाही. इन्स्टाग्रामवर यूजरनेम बदललं की प्रोफाइलची जुनी लिंक निकामी होते. पण instagram.com/p/ नंतर येणारा पोस्टचा कोड तोच राहतो. फेसबुकवर profile.php?id= नंतरचा आकडा तसाच टिकतो. नाव बदलण्याचा हा डाव आपण मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. जानेवारी 2022 मध्ये 'बुली बाई' अॅपवर बोलक्या, लिहित्या मुस्लिम महिलांचा 'लिलाव' मांडला गेला. दिशाभूल करण्यासाठी आरोपींनी ट्विटर अकाउंटना शीख वाटतील अशी नावं दिली होती, असं मुंबई पोलिसांनी सांगितलं होतं. फक्त नावाचा स्क्रीनशॉट घेऊन बसलेला माणूस अशा वेळी भलत्याच समाजावर संशय घेऊन मोकळा होतो.

स्क्रीनशॉट घेतला की तो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. चित्र दाबलं जातं आणि मूळ फाइल राहत नाही. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वर लाल गोल, बाण काढायचे असतील तर वेगळ्या प्रतीवर काढा. मूळ फाइल आणि तो फोन दोन्ही जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश मागितलेला आहे. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. एक बिंदू बदलला तरी तो बदलतो. विंडोजवर तो असा निघतो:

```
certutil -hashfile profile-01.png SHA256
```

हे प्रमाणपत्र प्रकरण किरकोळ समजू नका. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली, जुन्या कायद्याखाली, ते अनिवार्य असल्याचं स्पष्ट केलं. मूळ उपकरणच कोर्टात हजर करून मालकाने साक्ष दिली तर त्याची गरज पडत नाही. म्हणून तो फोन विकायचा नाही, रीसेटही करायचा नाही.

आता रिपोर्ट. शंभर जणांनी 'स्पॅम' म्हणून कळवल्याने काम होत नाही. जिचं सोंग घेतलंय तिने स्वतः, 'दुसऱ्याचं रूप घेतलं आहे' हा पर्याय निवडून किंवा हेल्प सेंटरचा फॉर्म भरून, ओळखपत्रासह तक्रार करायची. त्यासाठी ते प्रोफाइल तिला दिसण्याची गरज नाही. मैत्रिणीने घेतलेली लिंक पुरते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहायचं. सोंग घेणाऱ्या किंवा फोटोत फेरफार केलेल्या मजकुराबद्दल पीडितेची तक्रार आल्यावर 24 तासांत पावलं उचलण्याचं बंधन 2021 च्या आयटी नियमांनी कंपन्यांवर घातलं. उत्तर समाधानकारक नसेल तर 30 दिवसांच्या आत gac.gov.in वर अपील करता येतं. अश्लील चित्र "बघा काय केलंय" म्हणत पुढे पाठवणं हे मात्र स्वतःच प्रसारण ठरू शकतं. भावकीच्या ग्रुपवरही ते टाकू नये.

रिपोर्ट यशस्वी झाला की बहुतेक जण सुटकेचा श्वास टाकून थांबतात. खरं तर तिथून घड्याळ सुरू होतं. त्याच नियमांनुसार काढून टाकलेल्या मजकुराची नोंद कंपनीने तपासासाठी 180 दिवस जपायची असते. पोलिसांनी किंवा कोर्टाने सांगितलं तरच जास्त. अकाउंट कोणत्या मोबाइल नंबरवरून, कोणत्या आयपी पत्त्यावरून चाललं हे कंपनी तुम्हाला देत नाही, पोलिसांना देते. तुमच्या स्क्रीनशॉटचं काम पोलिसांना त्या नोंदीपर्यंत नेणं एवढंच आहे. तेवढं काम लिंकशिवाय होत नाही आणि मुदत उलटल्यावर तर नाहीच. 'सुल्ली डील्स'च्या तक्रारी जुलै 2021 मध्ये झाल्या, पहिली अटक झाली जानेवारी 2022 मध्ये. 'बुली बाई'त मुंबई पोलिसांनी काही दिवसांतच आरोपी पकडले. तपास यंत्रणा मनावर घेते की नाही यावर किती अवलंबून असतं, ते इथे दिसतं. म्हणूनच cybercrime.gov.in वर नोंद करून थांबू नका. ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि कंपनीला नोंदी जपायला सांगावं अशी मागणी त्यातच लिहा. निनावी नोंदीचा पाठपुरावा करता येत नाही हेही लक्षात असू द्या.

एवढं करूनही आरोपी सापडेलच याची हमी नाही. व्हीपीएन आणि दुसऱ्याच्या नावावरचं सिम वापरणारे असतात. पण आपल्याकडे ज्या तक्रारी बुडतात, त्यातल्या किती तर पहिल्या तासात, घरातच बुडतात. भाऊ मुलीच्या हातातून फोन काढून घेतो, अब्बा अकाउंट बंद करायला लावतात आणि आलेल्या मेसेजसकट पुरावा जातो. बनावट प्रोफाइल चालवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं, की खरी मुलगी तिथून उठून जावी. अशा वेळी घरच्यांनी तिचा फोन तिच्याच हातात ठेवावा, लिंक नीट लिहून घेतल्या का ते पाहावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत ठाण्यात जावं.