बी.एड.चा बायोडाटा: अनुभव शून्य नाही, 20 आठवडे आहे!

स्वतःचे क्लासेस काढायचे म्हणणाऱ्या एका ताईंनी मला बायोडाटा पाठवला. गणित-विज्ञान पद्धती, नुकतंच बी.एड. झालेलं. आधी दोन वर्षं शाळेत नोकरी, मग क्लास, असा त्यांचा प्लॅन. बायोडाट्यात सुरुवातीलाच चार ओळींचं 'उद्दिष्ट', मग छंद, आणि अनुभवापुढे 'नाही'.

माझं मत स्पष्ट आहे, हे 'नाही' चुकीचं आहे. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये एकूण 20 आठवडे शाळेत जातात, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. ते तुम्ही एका ओळीत गुंडाळता आणि जागा छंदांना देता. दुकानदार चांगला माल गोदामात ठेवतो का? तो दर्शनी भागात मांडतो.

मी त्यांना विचारलं, "ताई, कृतिसंशोधन कशावर केलं?" म्हणाल्या, "सहावीचे अपूर्णांक. मुलं 1/2 + 1/3 चं उत्तर 2/5 लिहायची." म्हणजे मुलं अंशात अंश, छेदात छेद मिळवत होती. ताईंनी कागदाच्या पट्ट्या घडी घालून समान भाग करायला लावले. आधीच्या चाचणीत 32 पैकी 9 मुलांना जमलं होतं, तीन आठवड्यांनी 21 जणांना. आणि हे बायोडाट्यात कुठेच नव्हतं!

मग आम्ही असं लिहिलं: 'शालेय आंतरवासिता, इयत्ता 6 वी, गणित. छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांच्या बेरजेतील चूक शोधून कागदी पट्ट्यांनी उपचारात्मक अध्यापन. अचूक उत्तरे 32 पैकी 9 वरून 21.' त्याखाली सराव पाठ कोणत्या इयत्तांना घेतले, घटक चाचणी आणि संविधान तक्ता स्वतः कसा केला, एवढंच. 'उत्तम संवादकौशल्य' काढून टाकलं, कारण ते कुणीही लिहितं. सगळं एका पानात बसलं.

दोन गोष्टी सांभाळा. आंतरवासितेला 'सहशिक्षक म्हणून अनुभव' म्हणू नका. प्रमाणपत्र मागितलं की उघडे पडाल. आणि 21 चे 30 करू नका. उरलेल्या 11 मुलांचं काय झालं, हा प्रश्न येणारच. ताईंचं उत्तर तयार होतं: "त्यांचे पाढेच कच्चे होते, पट्ट्यांनी ते सुटलं नाही." असं सांगणारा शिक्षक खरा वाटतो.

पाठ घेऊन दाखवा म्हटलं, तर हाच घटक घ्या. पट्ट्या पिशवीत ठेवाच.

उद्या क्लास काढाल तेव्हा पालक पदवी नंतर विचारतील. आधी विचारतील, "माझ्या मुलाचं गणित कुठे अडतंय, ते तुम्हाला कळेल का?" त्याचं उत्तर याच पानावर आहे. आज पाठ टाचणांची वही काढा आणि तुमचा '9 वरून 21' शोधा. सापडला की कमेंटमध्ये लिहा.