बोललेलं लिहून ठेवा

धोंड्याचा महिना यंदा 17 मेला लागतोय, आणि बारामतीतल्या दुकानांच्या दारांत आत्तापासूनच जावयाचे तयार सेट मांडलेले दिसतात. तबक, निरांजन, टॉवेल, टोपी, मुलामा दिलेलं एक नाणं आणि वरून चकचकीत कागद. परवा एका दुकानात माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या. दुकानदाराने विचारलं, "जावई काय करतात?" त्या म्हणाल्या, "कुठल्याही जावयाला चालेल असं द्या." पाच मिनिटांत खरेदी आटोपून त्या निघूनही गेल्या. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो. मागचा 2023 चा अधिक श्रावण 18 जुलै ते 16 ऑगस्ट होता, यंदाचा अधिक ज्येष्ठ 15 जूनपर्यंत आहे. जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, 33 अनारसे नाहीतर बत्तासे, त्याबरोबर तांब्याचं किंवा चांदीचं काहीतरी वाण म्हणून द्यायचं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मधली तीन वर्षं तो माणूस आपल्या ओसरीवर बसून जेवतो, बोलतो, कुरकुरतो, आणि द्यायची वेळ आली की आपण म्हणतो, कुठल्याही जावयाला चालेल असं द्या.

आपल्याकडे वही ठेवायची सवय नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. लग्नमांडवात आहेर लिहायला जो बसतो, त्याच्याइतका चोख कारकून कचेरीतही सापडायचा नाही. नाव, गाव, रोख किती, भांडं की कापड, सगळं नोंदलेलं असतं. ती वही कपाटात पंचवीस-पंचवीस वर्षं जपतात. समोरच्याच्या घरी कार्य निघालं की ती खाली काढतात, त्याने 501 दिले होते ना, मग आपणही तेवढेच द्यायचे, थोडे वर. व्यवहार म्हणून हे रास्तच आहे, कारण गावाकडचं लग्न त्या आहेरावरच उभं राहायचं. पण त्या वहीत माणसाने काय दिलं ते सापडतं. त्याला काय हवं होतं, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

त्यातूनच त्या साड्या आल्या. कापडाच्या कुठल्याही मोठ्या दुकानात एक वेगळा गठ्ठा असतो आणि त्याला सरळ ‘देण्याघेण्याच्या साड्या’ म्हणतात. विणणाऱ्यापासून घेणारीपर्यंत सगळ्यांना माहीत असतं की ही साडी कुणी नेसणार नाही. घडी मोडायची नाही, फॉल लावायचा नाही, पुढच्या ओटीत सरकवायची. खणांचंही तेच. मला या साड्यांचा मनापासून राग आहे. एखाद्या बाईच्या कपाटातला अख्खा खण अशा साड्यांनी भरलेला असतो आणि तिला हवी असते ती मऊ सुती, रोज नेसायची. ते ती बोललेलीही असते, फक्त कुणी टिपून ठेवलेलं नसतं.

म्हणून आहेराच्या वहीशेजारी एक दुसरी वही ठेवावी, असं माझं म्हणणं आहे. दिवाळीच्या पाडव्याला सुरू करायची, पुढच्या पाडव्याला बंद. घरातल्या आणि जवळच्या प्रत्येक माणसाला एक पान. तो जाता जाता जे बोलतो, ते त्या पानावर. या सदराच्या जुन्या वाचकांना माझी वही ठाऊक आहे, पण ती कशी लिहायची हे मी कधी नीट सांगितलं नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं असं की माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. आपला अर्थ लिहायचा नाही. माझी बहीण निमगाव केतकीला दिलीय, दाजींचा ऊस आहे. 2023 च्या माघात त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रपाळीची होती, त्यामुळे दाजी जेवून लगेच दारं धरायला निघणार होते. उठता उठता म्हणाले, "एका हातात खोरं, एका हातात बॅटरी. दार मोडायचं म्हणलं की बॅटरी काखंत धरायची, अन् उजेड पडतो पार बांधाला." एवढंच. कुणाला उद्देशून नाही, काही मागणं नाही. मी घरी येऊन हेच वाक्य लिहिलं, खाली महिना आणि ‘जेवून उठताना, रात्रपाळी’ एवढं टिपलं.

आता हीच नोंद कुणी ‘दाजींना बॅटरी हवी’ अशी केली असती, तर सहा महिन्यांनी दुकानात जाऊन त्याने आणखी मोठी, लांब उजेडाची बॅटरी घेतली असती. ती आणखी जड, म्हणजे काखेत धरायला आणखी वाईट. दाजींच्या वाक्यात उजेड कमी पडतो असं कुठे आहे? अडचण हाताची आहे. खोरं चालवायला दोन्ही हात लागतात. मूळ शब्द समोर होते म्हणून अधिक श्रावणात वाण घेताना उत्तर आपोआप निघालं: डोक्याला बांधायची बॅटरी. ती घेतानाही त्याच नोंदीचा उपयोग झाला. रात्रपाळी, म्हणजे उजेड मंद ठेवून का होईना, रात्रभर पुरली पाहिजे. माघ, म्हणजे डोक्याला मफलर असणार, तेव्हा पट्टा मफलरावरून बसेल इतका सैल होणारा हवा. चिखलपाण्यात पडली तर बंद पडायला नको. दाजींनी त्या दिवशी अनारशांच्या ताटाचं कौतुक केलं, बॅटरीबद्दल चकार शब्द काढला नाही. पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा पट्ट्यावर वाळलेला चिखल होता आणि ती दाराच्या खिळ्याला, हाताशी येईल अशी अडकवलेली होती. वस्तू बरोबर गेली की नाही, हे असंच ओळखायचं. तोंडभरून कौतुक झालेली वस्तू पुष्कळदा खोक्यातच राहते.

घेण्याआधी एक काम मात्र न चुकता करायचं. नोंद आणि खरेदी यांच्यात महिने गेलेले असतात, तेवढ्यात माणसाने ती वस्तू स्वतःच घेतलेली असू शकते. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी आडून विचारायचं. मी ताईला फोन करून ‘रात्री पाण्यावर कसे जातात आता?’ एवढंच विचारलं होतं. घेतली असती तर नोंदीवर काट मारून दुसरी ओळ बघितली असती. पानावर चार-पाच ओळी असल्या की अडत नाही.

काय लिहायचं आणि काय सोडायचं, यातही फरक करावा लागतो. दुसऱ्याच्या घरी किंवा दुकानात माणूस ‘छान आहे हो’ म्हणतो, ती रीत झाली. ती मी लिहीत नाही. तेच पुन्हा आपण होऊन, वेगळ्या ठिकाणी बोलला तर लिहितो. कुरकुर मात्र एकदाच ऐकली तरी लिहावी, कारण कुरकुर कुणी शिष्टाचार म्हणून करत नाही. आणि ‘असू दे, आपल्याला काय करायचंय’ हे शब्द ऐकू आले की त्याच्या आधीचं वाक्य हमखास लिहावं. आपल्या बायका इच्छा सांगतात ती अशीच, सांगता सांगता मागे घेऊन. त्यांना थेट विचारलं तर ‘काही नको, तू आलास हेच खूप’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

ताईचं असंच. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत निमगाव केतकीला येते, आणि त्या दिवशी ताईच्या दारात वारकऱ्यांच्या पंगती बसतात. पिठलं, भाकरी, ठेचा. 2023 च्या आषाढात पंगत उठल्यावर भांडी घासताना ती म्हणाली, "पातेलं दरसाल शेजारणीचं आणायचं, अन् तिच्याकडं पण माणसं असत्यातच की. असू दे, भागतं." आषाढातलं हे बोलणं कार्तिकात भाऊबीजेला कुणाच्या लक्षात राहतं? मध्ये पंचमी, गौरी-गणपती, नवरात्र होऊन जातं. पालखी पुढे गेली की पातेल्याची अडचणही वर्षभरासाठी संपते, त्यामुळे ताईसुद्धा पुन्हा तो विषय काढत नाही. वर्षातून एकदाच येणारी गरज वर्षातून एकदाच बोलली जाते. वर्षभराची वही लागते ती यासाठी.

त्या भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात पाकीट टाकलं नाही. जर्मनचं जाड बुडाचं मोठं पातेलं नेलं, झाकणासकट. शेजारणीच्या पातेल्याचं माप भाचीकडून आधीच घेऊन ठेवलं होतं, तेवढंच ते होतं. ते ओवाळणीच्या ताटात मावत नव्हतं म्हणून पाटाशेजारी ठेवलं. दुसऱ्या वर्षी आषाढात त्यात पिठलं झालं.

काही नोंदींना वस्तू नसते, हेही सांगायला हवं. आईच्या पानावर एक ओळ आहे, "मोरगावला जाऊन लई वर्षं झाली, आता एसटीची पायरी चढवत नाही." मोरगाव आमच्याच तालुक्यात. तिथे द्यायचं ते एका सकाळी गाडी आणि आपला वेळ. देवळाच्या पायऱ्यांवर तिचा हात धरायला कुणीतरी हवं. मयूरेश्वराची चांदीची मूर्ती आणून तिच्या हातात ठेवली असती, तर ते देणं फुकट गेलं असतं.

ही वही ज्याच्यासाठी आहे त्याला दाखवायची नाही आणि तिचा गाजावाजाही करायचा नाही. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय हे कळलं की माणूस जपून बोलायला लागतो, आणि मग त्या बोलण्याचा उपयोग राहत नाही. समोर बसून फोनवर टिपायचंही नाही, घरी येऊन लिहावं. दुखणं, भांडण, कर्ज याबद्दल कुणी मन मोकळं केलं असेल तर ते या वहीत अजिबात उतरवू नये. ते ऐकायचं आणि तिथेच ठेवायचं.

वर्ष सरताना वही चाळा आणि कुणाचं पान कोरं राहिलंय ते बघा. त्या माणसाला काही नको होतं असं समजू नका. त्याच्याजवळ वर्षभरात आपण निवांत बसलोच नाही, एवढाच त्या कोऱ्या पानाचा अर्थ आहे. पाडव्याच्या आत त्याच्याकडे जा, जेवायला थांबा आणि त्याला बोलू द्या.