बारावं झालं, तरी रडू आलं नाही

‘बाबा गेले. काल बारावं झालं. मला अजून काहीच वाटत नाहीये. मी असा कसा रे?’

रत्नागिरीहून असा निरोप मध्यरात्री परदेशातल्या मित्राच्या फोनवर येतो आणि मित्राला उत्तर सुचत नाही. ‘रडून मोकळा हो’ असं काहीतरी तो लिहितो, पुसतो, शेवटी हात जोडल्याची दोन चित्रं पाठवून फोन उशाशी ठेवतो. अशा वेळी काय लिहावं, याला खरं तर उत्तर आहे, आणि ते अभ्यासाच्या आधाराने देता येतं.

निरोप पाठवणाऱ्याचे हे बारा दिवस कसे गेले असतील, ते आधी पाहू. वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुशीवर वळवणं, औषधाच्या डब्यात वारांप्रमाणे गोळ्या भरणं, रात्री दोनदा उठून श्वास चालू आहे ना ते पाहणं, हे सगळं मुलानेच केलं. ते घरीच गेले, म्हणून नगरपरिषदेत २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करायची होती. गुरुजींना फोन, मुंबईहून येणाऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा, वाडीत कोणाकोणाला कळवायचं राहिलं त्याची यादी. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, सगळ्यांचे डोळे भरून आले, आणि याच्या मनात आलं की काकांना जेवणाआधीची मधुमेहाची गोळी द्यायला हवी. माजघरात आत्या हलक्या आवाजात म्हणाली, ‘रडला नाही हो अजून. आत कोंडेल, डोक्यात जाईल.’ ते त्याच्या कानावर पडलं आणि तेव्हापासून तो स्वतःकडे संशयाने पाहू लागला.

आत्याच्या बोलण्यात माया आहे, पण निदान चुकीचं आहे.

कोकणात आणि एकूणच मराठी घरांत आईबापांसाठीच्या दुःखाचं एक माप ठरून गेलेलं आहे, आणि ते घडवण्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. त्यांची आई १९१७ च्या नोव्हेंबरात गेली, तेव्हा ते शिक्षणासाठी पुण्यात होते. ‘श्यामची आई’ वाचून किंवा १९५३ चा अत्र्यांचा चित्रपट पाहून रडला नाही असा मराठी माणूस विरळा, आणि आईसाठी असंच रडायचं असतं हे आपण तिथूनच शिकलो. पण ते पुस्तक गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती. गुरुजी १९१७ मध्ये सुन्न होते, असा अर्थ यातून काढायचा नाही. मुद्दा इतकाच की ज्या अश्रूंशी आपण बाराव्या दिवसाची तुलना करतो, ते पंधरा वर्षांनी कागदावर उतरलेले आहेत. बाराव्या दिवशी कोणाकडूनही तेवढं मागणं हा अन्याय आहे.

आता अभ्यास काय सांगतो ते पाहू. जॉन बोल्बी आणि कॉलिन मरे पार्क्स या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी शोकाचं वर्णन करताना पहिलाच टप्पा मांडला तो बधिरतेचा. तो काही तासांपासून आठवडाभर टिकतो आणि मधूनच रागाचा किंवा रडण्याचा झटका येऊन जातो, असं त्यांनी नोंदवलं. पुढच्या अभ्यासकांनी टप्प्यांचं हे वेळापत्रक बरंच सैल केलं. कोणाची बधिरता महिनाभर राहते, कोणाला ती येतच नाही. पण ती नेहमीची आहे, याबद्दल वाद उरला नाही. मराठीला हे आधीच माहीत आहे, नाहीतर ‘सुन्न झालो’ हे शब्द इतके तोंडावर नसते.

दोन वर्षांच्या आजारपणाने आणखी एक गोष्ट होते. बोस्टनचे एरिक लिंडमन यांनी १९४४ मध्ये शोकावर एक निबंध लिहिला. कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला १९४२ मध्ये लागलेल्या आगीत ४९२ माणसं गेली होती, त्यांतल्या काहींचे नातलग त्यांनी तपासले होते. त्या निबंधात एका सैनिकाची हकीकत आहे. तो युद्धावरून जिवंत परतला आणि तक्रार करू लागला की बायकोचं आपल्यावर प्रेम उरलं नाही. तो परत येणार नाही असं धरून तिने त्याचा शोक आधीच पुरा केला होता. वडिलांना कुशीवर वळवणाऱ्या मुलाचंही असंच होतं. एके दिवशी वडिलांनी त्याला ओळखलं नाही, त्या संध्याकाळी तो पडवीत एकटाच बसून राहिला होता. तो शोकच होता. फक्त त्याला तेरा दिवसांचं सुतक नव्हतं आणि भेटायला कोणी आलं नव्हतं.

‘आत कोंडेल’ या भीतीलाही एक पूर्वज आहे. मनोविश्लेषक हेलेन डॉइच यांनी १९३७ मध्ये लिहिलं की न व्यक्त झालेला शोक पुढे कधीतरी, कोणत्या तरी रूपात बाहेर येतोच. डॉक्टरांनीही हे अनेक दशकं मानलं. मग कोलंबिया विद्यापीठाचे जॉर्ज बोनानो यांनी जोडीदार गमावलेल्या २०५ वृद्धांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. या लोकांच्या मुलाखती जोडीदार हयात असतानाच घेतलेल्या होत्या, आणि मृत्यूनंतर सहा व अठरा महिन्यांनी पुन्हा घेतल्या. जवळजवळ निम्मे लोक सगळ्या काळात बऱ्यापैकी स्थिर राहिले. सुरुवातीला शांत आणि मग अचानक कोसळले, असं क्वचितच कोणी निघालं. ही पाहणी जोडीदारांची आहे, आईवडिलांची नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तरी न रडणं हे थकलेलं कर्ज आहे आणि ते व्याजासह फेडावंच लागतं, ही समजूत तिने बरीच मोडून काढली.

तेव्हा मित्राला लिहायचं ते असं: ‘तुला काही वाटत नाही, म्हणजे बाबांवर तुझा जीव नव्हता असं नाही. दोन वर्षं तू रात्री दोनदा उठत होतास, ते मला माहीत आहे. पुढे रडू आलं तर येऊ दे, नाही आलं तरी तुझ्यात काही कमी नाही. झोप लागते का, जेवतोस का, एवढंच कळव.’ ‘आत्ता धक्क्यात आहेस, नंतर येईल बघ’ हे मात्र लिहू नये. त्याने माणूस पुढचे सहा महिने स्वतःवर पाळत ठेवून बसतो.

झोपेचं विचारायचं कारण आहे. वडिलांच्या आठवणीपुरताच तो कोरा असेल, पण मुलीच्या बोलण्यावर हसत असेल, चहाची चव लागत असेल, तर काळजी नको. सगळंच बेचव झालं असेल, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असं तो बोलत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. लांबलेल्या शोकाचं निदान त्याहून वेगळं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या निकषांत त्यासाठी किमान बारा महिने जावे लागतात, म्हणजे वर्षश्राद्धापर्यंत. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने धरते. अमेरिकन यादीतल्या आठ लक्षणांत भावनिक बधिरता आहे, पण ती एकटी पुरत नाही. किमान तीन लक्षणं जवळजवळ रोज दिसावी लागतात.

भारतात असलेल्या मित्राला १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक देऊन ठेवावा. तिथे मराठीत बोलता येतं.

आणि एक विनंती. तेराव्यानंतर घर रिकामं होतं, फोन थांबतात, आणि दांडीवर वडिलांचा पंचा तसाच वाळत असतो. आपलं पत्र त्या आठवड्यात पोचू द्या, आणि तीन महिन्यांनी आणखी एक पाठवा.